सुनीत आणि वृत्त : चौदा ओळींचा प्रवास



आजच्या विषयाचे मूळ एका शाळकरी मुलाच्या उत्तरपत्रिकेत आहे. आमच्या शेजारचा एक नववीतला विद्यार्थी मराठीचा पेपर हातात घेऊन एका संध्याकाळी आमच्याकडे आला. कवितेच्या चार ओळी देऊन ‘वृत्त ओळखा’ असा प्रश्न होता, आणि त्याने सरळ ‘सुनीत’ असे लिहिले होते. त्याचे गुण गेले. त्याचे दुःख गुण गेल्याचे नव्हते. तो म्हणाला, “काका, ही कविता सुनीत आहे असं वर्गात सांगितलं होतं. मग ते उत्तर चूक कसं?” आम्ही त्याला म्हटले, “बाळ, तुझे उत्तर खोटे नाही. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे.” मुलगा आमच्याकडे पाहत राहिला. दोन प्रश्न वेगळे आहेत हेच त्याला कोणी सांगितले नव्हते.

सुनीत आणि वृत्त या दोन वस्तू वेगळ्या आहेत हे व्याख्या पाठ करून मनावर ठसत नाही. सुनीताचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र ते आपोआप ध्यानात येते. कारण हा काव्यप्रकार देशोदेशी गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्याने वृत्त बदलले. जी वस्तू वृत्त बदलूनही तीच राहते, ती वृत्त असणार कशी?

पण आधी वृत्त म्हणजे काय ते पाहू. आमच्या विद्यार्थ्यासाठी आम्ही त्याच वेळी एक ओळ जुळवली. तिच्यात काव्य शोधू नये. ती फळ्यावरची ओळ आहे:

गेले मेघ नभातले सरुनिया, वारा जरा थांबला

मुलाला म्हटले, “यातली अक्षरे मोज.” त्याने बोटांवर मोजून सोळा सांगितली. खरी अक्षरे आहेत एकोणीस. तीन अक्षरे गेली कोठे? तो ओळ बोलण्यासारखी वाचत होता. बोलताना आपण ‘मेघ’ मधला ‘घ’ अर्धाच उच्चारतो, ‘नभातले’ मधला ‘त’ पुढच्या ‘ले’ला चिकटवतो, आणि ‘थांबला’ मधल्या ‘ब’चेही तेच करतो. वृत्तात ही सवय चालत नाही. तेथे प्रत्येक अक्षराला त्याचा स्वर पुरा द्यावा लागतो. वृत्त चुकते ते बहुधा गण पाठ नसल्यामुळे चुकत नाही. ओळ डोळ्यांनी वाचली जाते, तोंडाने म्हटली जात नाही, म्हणून चुकते. मोजणी एकोणिसाऐवजी सोळा-सतरा आली की ओळखावे, अक्षरे गिळली गेली आहेत.

अक्षरे नीट उच्चारली की त्यांतली काही आखूड आणि काही लांब आहेत हे कानाला कळते. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचे अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर येऊन त्याचा आघात मागे बसला तर तेही गुरू होते. ‘सत्य’ मधला ‘स’ असा आहे. आघात बसत नसेल तर ते लघूच राहते. ‘तुझ्या’ मधला ‘तु’ म्हणून पाहावा. येथेही निवाडा कानाचाच.

आता तीन-तीन अक्षरांचे गट पाडावयाचे. ‘यमाताराजभानसलगं’ या सूत्रात आठही गण आहेत. ज्या गणाचे नाव हवे त्या अक्षरापासून तीन अक्षरे म्हटली की त्या गणाचे रूप मिळते. आमच्या ओळीचे गट असे पडतात: ‘गेलेमे’, ‘घनभा’, ‘तलेस’, ‘रुनिया’, ‘वाराज’, ‘राथांब’, आणि उरलेला ‘ला’. म्हणजे म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. बाराव्या अक्षरावर, ‘सरुनिया’च्या पुढे, क्षणभर थांबावे लागते, ती यती. हे शार्दूलविक्रीडित.

‘घनभा’, ‘तलेस’ हे शब्द कोणत्या भाषेतले, असे मुलाने विचारले, आणि प्रश्न अगदी रास्त होता. ते शब्द नव्हेतच. गण शब्दांच्या मधून खुशाल कापत जातात, कारण गणाला अर्थाशी कर्तव्य नाही; त्याला फक्त लांब-आखूड कळते. वृत्त म्हणजे ओळीची चाल. ती चाल कोठे निघाली आहे हे वृत्त सांगत नाही.

मग आम्ही मुद्दाम एक शब्द बदलला. ‘थांबला’च्या जागी ‘थबकला’ घातला. अर्थ फारसा बदलला नाही. मात्रा मोजाव्यात तर त्याही तितक्याच, तीसच, राहिल्या; कारण ‘थां’ या एका गुरूच्या जागी ‘थ’ आणि ‘ब’ असे दोन लघू आले. तरीही वृत्त मोडले. अक्षरे वीस झाली आणि शेवटचा त-गण फुटला. मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, हा बदल खपला असता, कारण तेथे हिशेब मात्रांचा. अक्षरगणवृत्तात हिशेब अक्षरांच्या क्रमाचा आहे. मुलाला आम्ही दोन्ही ओळी मंगलाष्टकांच्या चालीवर म्हणावयास लावल्या. पहिली ओळ सरळ गेली; दुसरीत ‘थबक’शी जीभ घाईला आली. तो हसून म्हणाला, “इथे अडखळतं.” शार्दूलविक्रीडित त्याला येतच होते. घरच्या लग्नांत अक्षता हातात धरून त्याने ते अनेकदा ऐकले होते. त्याचे नाव काय, एवढेच ठाऊक नव्हते.

आता सुनीताकडे वळू. त्यासाठी सातआठशे वर्षे मागे, सिसिली बेटावर जावे लागेल. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या दरबारात कायद्याची कामे करणारे काही अधिकारी कविताही करीत. त्यांच्यापैकी जाकोमो दा लेंतिनी नावाच्या लेखप्रमाणकाने, म्हणजे आजच्या भाषेत नोटरीने, हा प्रकार प्रथम रचला असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘सोनेत्तो’ या इटालियन शब्दाचा अर्थ लहानसा नाद, छोटे गीत. ओळी चौदा, पण त्या सलग चौदा नव्हेत, आधी आठ आणि मग सहा.

या आठ-सहामध्ये सुनीताचा सारा प्राण आहे. आठ ओळींत एक गोष्ट मांडावयाची: एखादी तक्रार, एखादे दृश्य, एखादी शंका. नवव्या ओळीशी विचार वळतो. ‘पण’, ‘तरीही’, ‘मग’ असा एखादा शब्द तेथे उघड असतो किंवा नुसता जाणवतो, आणि पुढच्या सहा ओळी आधीच्या आठांना उत्तर देतात. दोन भाग समान असते तर वादी-प्रतिवादी तुल्यबळ होऊन वाद तसाच राहिला असता. उत्तराला जागा कमी आहे, म्हणून ते आवळून द्यावे लागते. हा आकार न्यायदरबारात वावरणाऱ्या माणसाच्या हातून घडला, यात आम्हांला तरी फारसे नवल वाटत नाही.

पुढे चौदाव्या शतकात पेत्रार्काने या प्रकाराला कीर्ती मिळवून दिली. त्याच्या आठ ओळींत यमके दोनच: अ ब ब अ, अ ब ब अ. पुढील सहांत दोन किंवा तीन नवी यमके. यमके बदलली की कानालाही कळावे, विचार वळला. ओळ मात्र इटालियन भाषेची नेहमीची, अकरा अक्षरांची. ती सुनीतासाठी निर्माण झालेली नव्हती. इतर कवितेतही ती चालतच होती.

सोळाव्या शतकात टॉमस वायट आणि अर्ल ऑफ सरे या दोघा दरबारी कवींनी सुनीत इंग्लंडात नेले. तेथे दोन अडचणी आल्या. इंग्रजीत यमके इटालियनपेक्षा कमी. एकाच यमकाचे चार-चार शब्द मिळविताना कवी रडकुंडीस यावा. म्हणून सरेने चार-चार ओळींची तीन कडवी, प्रत्येकाची यमके निराळी, आणि शेवटी दोन ओळींचे एक यमक अशी मांडणी केली. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांत थोडे अपवाद वगळता हीच मांडणी आहे. या मांडणीत वळण कधी नवव्या ओळीशी राहते, कधी तेराव्या ओळीपर्यंत लांबते, आणि शेवटच्या दोन ओळी निकालपत्रासारख्या येतात.

दुसरी अडचण चालीची. इंग्रजीचा कान लांब-आखूड अक्षरांवर चालत नाही, आघातावर चालतो. ‘रेकॉर्ड’ हा आपल्याकडेही रुळलेला शब्द घ्या. इंग्रजीत पहिल्या अक्षरावर जोर दिला की ते नाम होते, दुसऱ्यावर दिला की क्रियापद. मराठीत जोर कोठेही द्या, अर्थ तोच. म्हणून इंग्रज कवीची ओळ दहा अक्षरांची झाली: एक अक्षर हलके, एक जोरकस, अशा पाच जोड्या. अकरा अक्षरांची ओळ गेली, यमकांची रचना बदलली. तरी त्या कवितेला सुनीतच म्हणत राहिले. चौदा ओळी आणि विचाराचे वळण एवढे शिल्लक होते, आणि तेवढे पुरेसे होते.

तेथून आपल्या देशात. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी ‘चतुर्दशपदी कवितावली’ हा संग्रह १८६६ साली प्रसिद्ध केला. त्यातील बरीच रचना त्यांनी फ्रान्समध्ये व्हर्साय येथे, आर्थिक विवंचनेत असताना केली होती. तेव्हा सारा युरोप त्यांच्या भोवती होता. पण ओळ त्यांनी घरची घेतली. बंगालीच्या जुन्या ‘पयार’ छंदाची ओळ चौदा अक्षरांची असते आणि आठव्या अक्षरानंतर तिच्यात विराम असतो. कवितेचा आठ-सहा असा विभाग आणि ओळीचाही आठ-सहा असाच, हा योगायोग मोठा सुंदर आहे.

त्याच १८६६ साली रत्नागिरीकडील मालगुंडास कृष्णाजी केशव दामले जन्मले, ते आपले केशवसुत. १८९२ सालची त्यांची ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही कविता मराठीतले पहिले सुनीत मानली जाते. शीर्षकातच दोन वस्तू समोरासमोर ठेवल्या आहेत हे पाहण्यासारखे आहे. जेथे दोन गोष्टींची तुलना आहे तेथे वळणाला जागा आपोआप मिळते. केशवसुत या प्रकाराला ‘चतुर्दशक’ म्हणत. ‘सुनीत’ हे नाव पुढे, १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या काळात रुळले. मूळ परकीय नावाच्या ध्वनीशी ते जुळते आणि ‘चांगल्या रीतीने नेलेले’ असा संस्कृत अर्थही देते. आम्हांला ते ‘चतुर्दशका’पेक्षा अधिक नेमके वाटते. ‘चतुर्दशक’ म्हटले की ओळी मोजल्या जातात. ‘सुनीत’ म्हटले की विचार कोठून कोठे नेला हे विचारावेसे वाटते.

मराठी कवीपुढेही तोच प्रश्न होता: ओळ कोणती घ्यावी? इंग्रजी आघात मराठीला चालण्यासारखा नव्हता. ओवी-अभंगाची ओळ लहान. म्हणून कवी संस्कृतातून आलेल्या, पंडित कवींनी मराठीत मुरविलेल्या वृत्तांकडे वळले, आणि त्यांत शार्दूलविक्रीडित विशेष आवडते ठरले. त्यात एक गंमत झाली. ही वृत्ते चार चरणांच्या श्लोकाची. चौदांत तीन श्लोक बसतात आणि दोन ओळी हातात उरतात. म्हणजे सरे-शेक्सपिअरची मांडणी जवळजवळ घरबसल्या मिळाली. इटालियन मांडणी हवी असेल तर दोन श्लोकांत पूर्वार्ध बसतो, आणि उत्तरार्ध दीड श्लोकाचा होतो. यमकांच्या बाबतीत मराठी कवी मोकळे राहिले. कोणी इटालियन गुंफण केली, कोणी दोन-दोन ओळींचे साधे यमक ठेवले.

पण या निवडीची किंमतही पडली. दहा अक्षरांच्या चौदा ओळी म्हणजे १४० अक्षरे. इटालियनात १५४. बंगालीत १९६. आणि शार्दूलविक्रीडितात चौदा गुणिले एकोणीस, म्हणजे २६६. प्रत्येक भाषेतले शब्द सारख्या लांबीचे नसतात, म्हणून ही तुलना ढोबळच समजावी. तरीही मराठी कवीला भरावयाची जागा मोठी मिळाली एवढे खरे. जागा मोठी असली की भर घालण्याचा मोह होतो. ‘अहा’, ‘पहा’, ‘जणू’, ‘खरोखरी’, ‘तया स्थळी’ असे शब्द येऊ लागतात. ‘आणि’चे ‘आणी’ होते. मराठी सुनीत फसले आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ओळ गद्यात सांगावी आणि कोणते शब्द आपोआप गळतात ते पाहावे. ते शब्द अर्थासाठी आले नव्हते, गणासाठी आले होते. चांगल्या सुनीतात असे शब्द फार थोडे निघतात. माधव जूलियनांसारख्या कवीने ‘छंदोरचना’ लिहून वृत्तांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि ‘तुटलेले दुवे’ ही सुनीतमालाही रचली. वृत्त जितके हातचे, तितकी भरीची गरज कमी.

येथवर आल्यावर आमच्या विद्यार्थ्याने दुसरा प्रश्न विचारला. “मग शार्दूलविक्रीडितातल्या चौदा ओळी म्हणजे सुनीत, असं लिहू का?” आम्ही म्हटले, “तेही नको.” केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ ही कविता शार्दूलविक्रीडितात आहे. आचार्य अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने १९२५ सालच्या ‘झेंडूची फुले’त तिचे जे विडंबन केले, तेही त्याच वृत्तात. आणि लग्नातली मंगलाष्टके तर त्याच चालीवर म्हटली जातात. एकच वृत्त कवीचा अभिमान वाहते, त्याच अभिमानाची थट्टा वाहते आणि वधूवरांना आशीर्वादही देते. आमचे हे ‘घनभा’ आणि ‘तलेस’ त्याला पूर्वीच कळले होते, म्हणून हे त्याला चटकन पटले. वृत्ताने अर्थ ठरत नाही, तसा प्रकारही ठरत नाही. उलट मराठी सुनीते मंदाक्रांता, पृथ्वी यांसारख्या वृत्तांतही लिहिली गेली आहेत.

मग चौदा ओळी तरी पुरेत काय? त्यासाठी आम्ही त्याला एक कल्पना दिली. समज, पावसाच्या वर्णनाच्या चौदा ओळी आहेत. पहिल्या आठांत ढग, विजा, नद्या, शेते. पुढच्या सहांत बेडूक, मोर, छत्र्या, चिखल. शेवटच्या सहा ओळी झाकून ठेव. काही बिघडले काय? नाही; वर्णन थोडे आखूड झाले एवढेच. हे सुनीत नव्हे, चौदा ओळींवर थांबलेले वर्णन आहे. आता दुसरी कविता घे. आठ ओळी त्याच पावसाच्या, आनंदाच्या. आणि नवव्या ओळीशी कवीला आठवते की गेल्या वर्षी याच पावसात आजोबांच्या हातून पेरणी झाली होती, आणि या वर्षी तिफण भिंतीला टेकून उभी आहे. पुढच्या सहा ओळी झाकल्यास पहिल्या आठ खोट्या पडतात. त्यांतला आनंद कोणत्या किमतीचा होता हे कळतच नाही. येथे मात्र सुनीत आहे. उत्तरार्ध झाकून पाहणे ही आमची कसोटी. ती प्रत्येक सुनीताला तंतोतंत लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. मिल्टनसारख्या कवीने वळणाची जागा हलवून विचार सलग वाहू दिला आहे. पण कोठे तरी विचार वळलाच नाही, तर ओळी मोजून काही हाती लागत नाही.

म्हणून दोन प्रश्न वेगळे. ‘वृत्त कोणते?’ याचे उत्तर एका ओळीत सापडते. तेरा ओळी झाकल्या तरी चालते. ‘प्रकार कोणता?’ याचे उत्तर चौदाही ओळी वाचल्याखेरीज सापडत नाही. ज्या प्रश्नपत्रिकेने चारच ओळी दिल्या होत्या, तिने विद्यार्थ्याला सुनीत ओळखण्याची संधीच दिली नव्हती. तेवढ्या ओळींत वृत्तच कळू शकत होते. त्याची चूक येवढी, की प्रश्न कोणता हे त्याने पाहिले नाही. वर्गातील चूक मात्र मोठी होती. दोन्ही नावे एकाच दमात, एकाच यादीत, लिहून दिली गेली होती.

त्या मुलाने जाताना उत्तरपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या: ‘वृत्त: शार्दूलविक्रीडित. प्रकार: सुनीत.’ मग थोडा थांबून म्हणाला, “काका, ती तिफणीची कविता कुणाची?” आम्ही सांगितले, ती अजून कोणी लिहिलेली नाही, आपण नुसता आराखडा केला. आठवड्याभराने तो पुन्हा आला, वहीत नऊ ओळी घेऊन. वृत्त तीन ठिकाणी मोडले होते. एका ओळीत ‘अहा’ होते, ते त्याने आमच्यासमोरच खोडले. नववी ओळ मात्र ‘पण’ या शब्दाने सुरू होत होती. पुढे काय लिहावे ते सुचत नाही, अशी त्याची तक्रार होती. आम्ही त्याला सुचविले नाही. वृत्त शिकविता येते, ते आम्ही शिकविले होते. त्या ‘पण’पुढच्या पाच ओळी त्याच्या त्यालाच शोधावयाच्या होत्या.